पाचपैकी किती खो बरोबर?

*ताई, मी नाशिकला सिडकोतल्या एका शाळेत सातवी-आठवीला शारीरिक शिक्षण शिकवते. नव्या प्रगतीपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आहे, म्हणून मुलांना तक्ते दिले. 'मी नियमित सराव करतो', 'मी खिलाडूवृत्तीने खेळतो' अशी दहा वाक्यं आणि पुढे 1 ते 5 गुण. वर्गात 52 मुलं. जवळजवळ सगळ्यांनी स्वतःला 5 दिले. मैत्रिणींनी मैत्रिणींना पैकीच्या पैकी. एका जरा स्थूल मुलीला मात्र तिच्या गटाने सगळीकडे 1 दिला, त्यानंतर ती दोन तास मैदानावर आलीच नाही. मुख्याध्यापक म्हणतात, हे गुण धरून एकूण गुण काढा. मला तर हे सगळं बंदच करावंसं वाटतंय. काय करू?*

*— एक क्रीडाशिक्षिका, सिडको, नाशिक*

बाई,

सगळ्यात आधी त्या मुलीला भेटा. तिची समजूत घालायला नाही, तिची माफी मागायला. "तक्ता मी चुकीचा दिला होता, ते आकडे मी फाडून टाकलेत," एवढंच सांगा आणि खरोखरच फाडून टाका. तिच्या गटाला मात्र रागावू नका. त्यांच्या हातात तुम्ही जे दिलंत त्यातून दुसरं काही निघणं कठीण होतं.

तुमची ती दहा वाक्यं पुन्हा वाचून बघा. मैदानाच्या कडेला उभं राहिलं तर त्यातलं काय डोळ्यांना दिसतं? 'नियमित सराव' दिसत नाही, तो घरी होतो की नाही ते पोरांना माहीत नसतं. 'खिलाडूवृत्ती' म्हणजे नेमकं काय यावर आपण शिक्षकही भांडू. बघण्यासारखं काही नसलं की मूल समोरच्या माणसाला गुण देतं. मैत्रीला 5 मिळतात, जाड अंगाला 1 मिळतो. स्वतःला गुण देतानाही तेच. आपण चांगले आहोत का, असा प्रश्न तेराव्या वर्षी कुणी विचारला तर 'हो' म्हणण्यावाचून इलाज नसतो.

मीही हे करून बसले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मुलांनी स्वतःला दिलेले 20 गुण मी सहामाहीच्या एकूण गुणांत धरले होते. एका मुलाने गोळाफेकीपुढे लिहिलं होतं, "गोळा मानेपासून सुटतो, मला जमत नाही." अगदी खरं होतं ते. पूर्ण वर्गात एवढं अचूक कुणीच लिहिलं नव्हतं. त्याने स्वतःला 8 दिले, शेजारच्याने डोळे मिटून 20 घेतले. निकालाच्या दिवशी त्याचे वडील पत्रक घेऊन आले आणि म्हणाले, "खरं बोलला म्हणून बारा गुण गेले का हो याचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सत्रात त्या मुलानेही स्वतःला 20 दिले. त्याला खोटं बोलायला मीच शिकवलं होतं, ही गोष्ट मला आजही टोचते.

म्हणून माझा पहिला नियम असा की मुलाने स्वतःबद्दल किंवा सोबत्याबद्दल लिहिलेला एकही आकडा गुणपत्रिकेत जाणार नाही. हे वर्गात मोठ्याने सांगा आणि मग पाळा. एकदा जरी मोडलं तरी ते वर्षभर दुरुस्त होत नाही.

आता तक्त्याच्या जागी काय द्यायचं ते सांगते. सगळे खेळ एकदम घेऊ नका. खो-खो घ्या, आणि त्यातही फक्त 'खो देणं' घ्या. खो देण्याचा नियम मुलांना पाठ असतो, तरी हात आणि तोंड तो पाळत नाहीत, आणि चूक झाली की ती तिथल्या तिथे दिसते. कार्डावर तीनच प्रश्न असू द्या. खो पाठीमागून दिला का? तळव्याचा स्पर्श आणि 'खो' हा शब्द एकाच वेळी आले का? खो दिल्यावर लगेच तिच्या जागी बसली का? प्रत्येक खोपुढे तीन घरं, प्रत्येक घरात हो किंवा नाही. तिन्ही 'हो' आले तरच खो बरोबर. 'बरा', 'चांगला', 'उत्तम' हे शब्द कार्डावर येऊच देऊ नका.

मुलांचे तिघांचे गट करा. एक खो देणारी, एक बसलेली, एक पाहणारी. 52 मुलांचे सतरा गट होतात, त्यातला एक चौघांचा. आखलेलं मैदान एकच असेल तर अडू नका. फक्की मारून प्रत्येक गटाला एक चौकोन आणि सहा-सात पावलांची धाव एवढंच लागतं. पाहणारी बाजूला उभी राहिली पाहिजे. समोर उभी राहिली तर बसलेलीच्या अंगाआड हात झाकला जातो, मग ती अंदाजाने 'हो' लिहिते. मी हे बऱ्याच उशिरा ओळखलं. पोरं मैत्रीखातर 'हो' लिहितात असं मला वाटायचं, खरं तर त्यांना दिसतच नव्हतं.

धावायच्या आधी खो देणारीने कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा लिहायचा: पाचपैकी किती खो बरोबर पडतील? मग तिने पाच खो द्यायचे आणि पाहणारीने घरं भरायची. शेवटी दोन्ही आकडे शेजारी लिहून फरक काढायचा. स्वयंमूल्यमापन म्हणजे हाच फरक. 'मी किती चांगली' हा प्रश्न इथे येतच नाही. स्वतःला आपण किती ओळखतो एवढंच दिसतं. दोन सांगून दोन बरोबर दिले तर फरक शून्य. पाच सांगून दोन दिले तर फरक तीन.

एका गटात काय झालं ते सांगते. खो देणारी चपळ होती, तालुक्याला खेळलेली. तिने ऐटीत 5 लिहिले. पाहणारीच्या कार्डावर दोनच खो बरोबर निघाले. लगेच आवाज चढला, "माझा हात लागला होता, तुला दिसलं नाही!" मी जवळ गेले आणि पाहणारीलाच विचारलं, "तुला काय दिसलं ते सांग." ती जरा घाबरून म्हणाली, "हात लागला, पण नंतर. तोंड आधी उघडलं." कार्ड पाहिलं तर तिन्ही 'नाही' मधल्या घरातच होते. धावत येता येता दोन पावलं आधीच ती 'खो' ओरडत होती. तालुक्याला पंचांनी तिला त्याचसाठी दोनदा फाऊल दिला होता आणि ती पंचांनाच नावं ठेवत आली होती. दुसऱ्या फेरीला तिने 3 लिहिले आणि 3 बरोबर दिले. खाली एक ओळ लिहायची असते, 'पुढच्या पाचात कोणती एक गोष्ट बदलणार?' तिथे तिने लिहिलं, "हात लागेपर्यंत तोंड मिटून."

त्या वेळी खो देणारीला मी काही सांगितलं नाही, पाहणारीशीच बोलले, ते मुद्दाम होतं. मस्का मॉस्टन यांनी 1966 मध्ये शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनशैली मांडल्या. बी.पी.एड.ला आपण त्या पाठ करतो. त्यातल्या पारस्परिक शैलीत शिक्षकाने करणाऱ्याला थेट काही सांगायचं नाही, फक्त निरीक्षकाशी बोलायचं. परीक्षेत लिहिताना हे मला फारच कृत्रिम वाटलं होतं. मैदानावर कळलं की आपण करणाऱ्याला दुरुस्त करायला लागलो की निरीक्षकाचं काम संपलं. सगळी पोरं कार्ड सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतात. मोह आवरा. पाहणारीला 'काय दिसलं' एवढंच विचारा. 'बरोबर होता का' असंही विचारू नका, त्यावर ती आपला चेहरा वाचून उत्तर देते.

पण कार्ड वाटण्याआधी एक पूर्ण तास मुलांना पाहायला शिकवण्यात घालवा. वरच्या वर्गातल्या एका खेळाडूला चौकोनात बसवा आणि तुम्ही स्वतः पाच खो द्या. दुसऱ्या खोला शब्द जरा आधी म्हणा. चौथ्याला खो दिल्यावर न बसता क्षणभर रेंगाळा. बाकीचे तीन चोख. मुलांनी आपापल्या वहीत हो-नाही लिहायचं. हात वर करायला लावू नका, नाहीतर एकमेकांकडे बघून हात वर होतात. पहिल्यांदा चौथा खो बहुतेकांना सापडेल, दुसरा बऱ्याच जणांच्या हातून निसटेल, कारण कान आणि डोळे एकदम लावायची सवय नसते. मग तोच खो सावकाश करून दाखवा आणि पुन्हा पाच द्या, या वेळी चुकांची जागा बदलून. वर्गातल्या बहुतेकांच्या वह्या तुमच्याशी जुळल्या की कार्डं द्यायला हरकत नाही. तोवर नको. हा तास वाचवायला गेलात तर पुढचे सगळे तास 'बाई, ही खोटं लिहिते' हे ऐकण्यात जातील.

कार्डं सुरू झाली की दर तासाला तीन गट निवडा आणि त्यांचे पाच खो तुम्हीही दुरून गुपचूप मोजा. पाहणारीच्या आकड्यात आणि तुमच्या आकड्यात एकाचा फरक चालतो. दोन किंवा जास्त असेल तर त्या गटात शेजारी उभं राहून पुढचे पाच तिच्यासोबत बघा. ही तिची परीक्षा नाही, हे तिला कळलं पाहिजे. पस्तीस मिनिटांच्या तासात तीन फेऱ्या आरामात होतात, म्हणजे प्रत्येकीला तिन्ही जागा मिळतात.

बिघडलं कसं ओळखायचं? सगळ्या कार्डांवर अंदाज 5 आणि निकालही 5 असेल तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं. काम फार सोपं असतं, तर धाव लांबवा किंवा पुढे एक पळणारी ठेवा, वेग वाढला की चुका आपोआप वर येतात. किंवा पाहणाऱ्या समोर जाऊन उभ्या राहिलेल्या असतात. किंवा वर्गात कुजबुज पोचलेली असते की यावर गुण आहेत. दुसरी खूण त्या शेवटच्या ओळीत सापडते. 'मी अजून मेहनत करीन', 'मी चांगला प्रयत्न करीन' अशी वाक्यं आली तर मुलाने कार्ड वाचलेलं नाही, आपल्याला खूश केलं आहे. त्या ओळीत हात, पाय, तोंड, पाठ, जागा यांपैकी काहीतरी आलं पाहिजे, एवढी एकच अट घाला. याच्या उलट, एखादी आपणहून म्हणाली, "बाई, हिने हो लिहिलंय पण तो चुकला होता माझा," तर समजा की गाडी रुळावर आली. माझ्याकडे हे साधारण तिसऱ्या आठवड्यात व्हायला लागायचं.

जोड्यांचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे मुलींना आपापल्या मैत्रिणींसोबत राहू द्या. चूक दाखवायला आणि ऐकायला तेवढा आधार लागतो. त्यानंतर चिठ्ठ्या टाका. पहिल्याच दिवशी चिठ्ठ्या टाकल्या तर पोरं गप्प बसतात, आणि वर्षभर मैत्रिणींसोबतच ठेवलं तर कार्ड म्हणजे भेटकार्ड होतं.

आणखी एक गोष्ट, त्या मुलीच्या संदर्भात. शरीराचं मोजमाप सहाध्यायांच्या हाती कधीही देऊ नका. खेलो इंडियाच्या चाचण्यांत वजन-उंचीवरून बीएमआय काढायचा असतो, तो तुम्ही एकट्याने, बंद खोलीत, एकेकीचा घ्या आणि आकडा मोठ्याने म्हणू नका. आणि धावायला अवघडते म्हणून तिला कायमची 'पाहणारी' करून कार्ड हातात देऊन बसवू नका. आपल्याकडे जाड मुलांचं असंच होतं, वर्षभर गुणलेखक. आपल्याला वाटतं आपण सांभाळून घेतलं, त्यांना मात्र नेमका निरोप पोचतो. तिन्ही जागा तिलाही मिळाल्या पाहिजेत. खो देण्यात वेगाला फार महत्त्व नाही, स्पर्श आणि शब्द जुळण्याला आहे. चपळ मुलीपेक्षा तिचे खो जास्त बरोबर निघणं अगदी शक्य आहे.

ज्यात सोबती लागतच नाही असं एक साधन तिच्यासारख्यांसाठी मला फार उपयोगी पडलं. 600 मीटर धावणं-चालणं. मैदान लहान असेल तर 200 मीटरच्या तीन फेऱ्या. निघण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा, किती मिनिटं, किती सेकंद. मग प्रत्येक फेरीची वेळ वेगळी नोंदवायची. एका मुलाने 2 मिनिटं 40 सेकंद लिहिले आणि 2 मिनिटं 46 सेकंदांत आला. फरक फक्त 6, तो खूश. पण फेऱ्या बघा: 38 सेकंद, 58 सेकंद, 70 सेकंद. पहिल्या फेरीत जीव तोडून पळाला आणि तिसऱ्यात जवळजवळ चालत आला. त्याला मी एवढंच विचारलं, की पहिली फेरी किती सेकंदांत करायची? त्याने बराच विचार करून 52 लिहिले. पुढच्या वेळी अंदाज प्रत्येक फेरीचा घ्यायचा, एकूण वेळेचा नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. ते अंतर म्हणजे 400 मीटरच्या 25 फेऱ्या. आपल्या जिल्ह्यातली म्हणून मुलांना ती माहीत असते. पंचविसाव्या फेरीसाठी पहिल्या फेरीत किती दम राखायचा, असं विचारलं की पोरं आपल्या तीन फेऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघतात.

यातही पळवाट आहे, ती सांगून ठेवते. अंदाज बरोबर यावा म्हणून काही मुलं मुद्दाम सावकाश वेळ लिहितात आणि रमतगमत येतात. म्हणून वेळेसोबत 'किती दम लागला' हेही 0 ते 10 मध्ये लिहायला सांगा. 0 म्हणजे बसून आहे, 10 म्हणजे आता एक पाऊलही नाही. अंदाज जुळला आणि दम 2 असेल तर मुलाला स्वतःलाच कळतं की हे जुळणं कशाचं आहे. आपण बोलायची गरज पडत नाही.

आता तुमच्या मुख्याध्यापकांचं. त्यांची अडचण खरी आहे, त्यांना रकाना भरायचा असतो. त्यांच्याशी वाद घालू नका, कागद दाखवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रगतीपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनासोबत स्वतःचं आणि सहाध्यायांचं मूल्यमापन असावं असं म्हटलं आहे. 'सोबत' असणं वेगळं आणि त्यांची बेरीज करणं वेगळं. आपल्याकडे 2010 पासून आकारिक मूल्यमापन आणि वर्णनात्मक नोंदी आहेतच. तेव्हा गुण तुमच्या स्वतःच्या निरीक्षणावर द्या, ते तुमचं काम आहे, मुलांवर ढकलू नका. आणि वर्णनात्मक नोंदीत कार्डातलं लिहा: "सुरुवातीला स्वतःच्या खोंचा अंदाज 3 ने चुकत होता, आता 1 ने चुकतो. स्पर्श आणि शब्द जुळवण्यावर काम चालू आहे." पालकांनाही 'खेळात रुची घेते' यापेक्षा हे कळतं.

ते म्हणाले की शेऱ्यासोबत गुणही देऊ, काय बिघडतं, तर त्यांना एक अभ्यास सांगा. रुथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला, 1988 साली प्रसिद्ध झालेला. काही मुलांना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांचं मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखंच झालं. आकडा दिसला की शेरा वाचला जात नाही. मैदानावर मी हेच पाहत आले आहे.

कार्डं मुलींच्या वहीतच राहू द्या. दिवाळीच्या सुट्टीआधी चार आठवडे हाताशी धरा. पहिल्या आठवड्यात फक्त तुमचे पाच खो आणि त्यांच्या वह्या. दुसऱ्या-तिसऱ्यात मैत्रिणींसोबत कार्ड. चौथ्यात चिठ्ठ्या. पहिल्या कार्डावरचा फरक आणि शेवटच्या कार्डावरचा फरक, 52 जणांचे एवढेच आकडे नावं काढून मला पाठवा, आणि ती मुलगी मैदानावर येते आहे का, तेही कळवा.

तुमची,
ताई